टॉवेलचं ऑनलाइन दुकान : हिशोबात ५८ हजार, हातात ११ हजार. माणूस ठेवू का?

टेरीटॉवेल_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो, नोकरी सोडून आता पूर्णवेळ ऑनलाइन टॉवेल विकतो, दुसरं उत्पन्न नाही, घर यावरच चालतं. माल इथल्याच कारखान्यांतून घेतो, विक्री सगळी दोन मोठ्या प्लॅटफॉर्मवर, त्यातही बहुतेक एकाच ठिकाणी. मुख्य माल म्हणजे ३० बाय ६० इंची, ४०० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रामचे दोन टॉवेल, सेट ५४९ ला. दिवसाला साधारण ४० ऑर्डर, महिन्याला १०४० धरा.

माझा हिशोब असा आहे. ५४९ मधून ५ टक्के जीएसटी गेला की ५२३ राहतात. मालाचे ३००, प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि शिपिंग मिळून १२५, पॅकिंग १२, जाहिरातीचे ऑर्डरमागे ३०. राहिले ५६. गुणिले १०४० म्हणजे ५८ हजाराच्या वर. पण बँकेत बघतो तर कारखान्याचं देणं भागवून महिन्याला १०-११ हजारच उरतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर तेही उरले नाहीत.

सध्या पॅकिंग, लिस्टिंग, कारखान्याच्या फेऱ्या सगळं मीच करतो. सुट्टीत भाचा येतो मदतीला. विचार असा आहे की एक गाळा भाड्याने घ्यावा, दोन माणसं ठेवावी आणि दिवसाला १०० ऑर्डरवर न्यावं, म्हणजे मार्जिन पातळ असलं तरी व्हॉल्यूमवर निघेल. ज्यांनी एकट्याच्या पुढे धंदा नेलाय त्यांनी सांगा, बरोबर आहे का हे?

बंडूनाना
आधी उरलेले ४७ हजार कुठे गेले ते शोध की बे. मग माणसं ठेव.

कॉलेजकट्टा
दादा स्टॉक कशाला ठेवता पण? ऑर्डर आली की कारखान्यातून थेट पाठवायचं, ड्रॉपशिपिंग. मला पण सुरू करायचंय, कोणत्या कारखान्याचा नंबर मिळेल का

मागवाले
@कॉलेजकट्टा भाऊ आमचे माग आहेत, दोन पिढ्या याच धंद्यात. कारखानदार एक-एक सेट पाकिटात घालून लेबल चिकटवत बसणार नाही, त्याचा धंदा डझनाचा आणि गाठीचा. शिवाय रंगाचं काय? एका रंगाची डाईंगची एक बॅच आणि दुसरी बॅच शेजारी ठेवली की फरक कळतो. सेटमधले दोन टॉवेल एकाच लॉटचे पाहिजेत, ते बघायला स्वतःच्या हातात माल पाहिजे. स्टॉक नको असेल तर दुसरा काहीतरी माल बघ.

टॉवेलवाले दादा, तुम्ही मालाचे वजन करून घेता का? नंतर लिहितो सविस्तर.

नीलमकाकू
मी घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवते, मला गाळा घ्यावाच लागला नाही. वरच्या खोलीत फळ्या टाकल्या. गाळ्याचं भाडं म्हणजे ऑर्डर आली नाही तरी जातंच. माझं सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं, आधी पैसे मग पार्सल, कुरियर वेगळं लावते. पुण्यातली, बंगळुरातली सोलापूरकर कुटुंबं ठरलेली आहेत, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी आणि दिवाळीत सगळ्यांच्या ऑर्डरी. परत येणं हा प्रकारच नाही. चटणीचं तेल पाकिटाबाहेर येतं तेवढा त्रास आहे, त्यावर कुणाला काही उपाय माहिती असेल तर सांगा.

टेरीटॉवेल_सोलापूर
काकू तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतं हा मोठा फरक. माझं गिऱ्हाईक प्लॅटफॉर्मला ओळखतं, मला नाही.

@मागवाले वजन म्हणजे जीएसएम लिहिलेलं असतं बिलावर तेच धरतो.

श्रद्धा_गणवेश
मी शाळेचे गणवेश आणि कॉटनचे गाऊन ऑनलाइन विकते, आता माझ्याकडे चार जण काम करतात, म्हणून लिहिते. दादा, तुमचा ५६ चा आकडा "ऑर्डर गेली, पोचली, ठेवून घेतली" अशा ऑर्डरचा आहे. तुमच्या १०० ऑर्डरमधल्या किती परत येतात ते लिहा. दोन वेगळे आकडे पाहिजेत. गिऱ्हाइकाने घेतलीच नाही, दारातून परत आली ते आरटीओ, आणि घेऊन वापरून बघून परत केली ते रिटर्न.

टेरीटॉवेल_सोलापूर
आत्ता रिपोर्ट काढला ताई. १०० मागे ५ आरटीओ, ७ रिटर्न. आरटीओला प्लॅटफॉर्म शिपिंग लावत नाही, रिटर्नला साधारण ११० लावतो. त्या ७ मधले ३ तरी वापरलेले, धुतलेले येतात, ते परत विकता येत नाहीत.

श्रद्धा_गणवेश
मग १०० ऑर्डरचा हिशोब एकत्र करा, एकेका ऑर्डरचा नको.

विकले गेले ८८ सेट. जाहिरात सोडून तुमचे एका सेटमागे ८६ उरतात, म्हणजे ८८ सेटचे ७५६८. आता जाहिरात. ती ८८ ला नाही लागली, १०० ला लागली, परत आलेल्या ऑर्डरचे क्लिकचे पैसे कुणी देत नाही. ३००० गेले. परत आलेल्या १२ पाकिटांचं पॅकिंग १४४ गेलं. सात रिटर्नचे ७७०. आणि तीन वापरलेले सेट मालाच्या भावाने ९००. राहिले २७५४.

म्हणजे ऑर्डरमागे ५६ नाही, साडेसत्तावीस. तुमच्या १०४० ऑर्डरला २८ हजार ६०० च्या आसपास. ५८ चे २८ इथेच झाले. १२ टक्के परत येणं कापडात काही जास्त नाही बरं का, गाऊनमध्ये माझं साइजमुळे याहून जास्त असतं. पण तुमचं मार्जिन इतकं बारीक आहे की तीन धुतलेले टॉवेल दहा सेटचा नफा खातात.

बंडूनाना
२८ झाले. अजून १७ हजार राहिले शोधायचे.

पुणेकर_मूळबार्शी
मी तर म्हणतो प्लॅटफॉर्म सोडाच. स्वतःची वेबसाइट काढा, कमिशन शून्य, १२५ वाचले की ऑर्डरमागे सरळ १५० रुपये नफा. ब्रँड आपला, डेटा आपला. सोलापुरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तो लोगो लावला की लोक शोधत येतील. ज्यांचा ब्रँड नाही ते कायम प्लॅटफॉर्मचे मजूर राहणार.

श्रद्धा_गणवेश
पुणेकर दादा, अर्धं पटतं अर्धं नाही. त्या १२५ मध्ये शिपिंग आहे, ते वेबसाइटवर कुठे जाणार? उलट आपल्यासारख्या छोट्याला कुरियरचा रेट प्लॅटफॉर्मपेक्षा जास्त पडतो. आणि अनोळखी माणसाला वेबसाइटवर आणायचं म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती. मी केलंय हे, गाऊनला एका ऑर्डरमागे जाहिरातीचे दीडशेच्या वर जात होते. त्यात कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली तर आरटीओ प्लॅटफॉर्मपेक्षा कितीतरी जास्त आणि तिथे जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं आपल्या अंगावर. कॅश बंद केली तर ऑर्डरीच बंद. आता माझी वेबसाइट आहे पण ती फक्त परत येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी, आणि शाळांच्या गणवेशासाठी. तिथे ती छान चालते.

मागवाले
आणि जीआयचं म्हणाल तर चादर आणि टॉवेल दोन्हीला आहे हे खरं, पण लोगो असाच लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. आधी ती करा मग लावा. ऑनलाइन "सोलापुरी" म्हणून बाहेरचा हलका माल सर्रास विकला जातो, त्याचा त्रास आम्हाला रोज होतो, त्यामुळे नोंद करून खरा माल विकणारे वाढले तर आम्हाला पाहिजेतच.

हिशोबनीस
उशिरा आलो, दिवसभर रिटर्न भरण्यात होतो. जीएसटीचं काम करतो, ऑनलाइन विकणारे आठ-दहा क्लायंट आहेत. नानांचे १७ हजार मी सांगतो कुठे आहेत. दादा, तुमच्या इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या करातून वजा करायला जिथे जमा होतो तिथे, शिल्लक किती आहे बघा.

टेरीटॉवेल_सोलापूर
बघितलं. दोन लाखाच्या वर आहे! दर महिन्याला वाढतच चाललंय. पण ते तर माझेच पैसे ना, सरकारकडे जमा आहेत, कधीतरी वापरता येतील?

हिशोबनीस
तिथेच गोम आहे. तुमचा टॉवेल विकताना ५ टक्के. पण प्लॅटफॉर्म कमिशन, शिपिंग, जाहिरात या सगळ्या सेवांवर तुम्ही १८ टक्के भरता. श्रद्धाताईंच्याच १०० ऑर्डर घ्या. विक्रीवरचा कर ८८ सेटचे सेटमागे २६, म्हणजे २३०० च्या आसपास. तेवढाच तुम्हाला भरायचा आहे. आणि क्रेडिट किती मिळालं? मालावर सेटमागे १५, त्याचे १३२०. फी, जाहिरात, रिटर्नचं भाडं मिळून पावणेपंधरा हजार खर्च, त्यावर १८ टक्के म्हणजे २६५० च्या पुढे. एकूण ३९८० क्रेडिट, लागलं २३०० च. १६८० दर शंभर ऑर्डरला लेजरमध्ये अडकले. १०४० ऑर्डरला साडेसतरा हजार. नाना, जुळलं का?

आता "कधीतरी" चं उत्तर. मालावरचा कर विक्रीच्या करापेक्षा जास्त असेल तर रिफंडची सोय आहे, पण त्या हिशोबात सेवांवरचं क्रेडिट धरत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये फुटवेअरच्या एका केसमध्ये हेच कायम ठेवलं. तुमचा माल घेताना ५ आणि विकताना ५, जास्तीचं सगळं क्रेडिट सेवांचं. म्हणजे रिफंड नाही. धंदा याच पद्धतीने चालू राहिला तर ते पैसे वापरलेच जाणार नाहीत, वाढत राहतील. तुम्ही १०० ऑर्डरवर गेलात तर महिन्याला ४३-४४ हजार अडकतील. म्हणून व्हॉल्यूमवर निघेल हे तुमचं गणित या धंद्यात उलटं चालतं.

प्लॅटफॉर्म जो अर्धा टक्का टीसीएस कापतो तो मात्र वेगळा, तो कॅश लेजरमध्ये येतो, तो मिळतो, तो क्लेम करायला विसरू नका.

बंडूनाना
जुळलं. अगदी हजारापर्यंत.

टेरीटॉवेल_सोलापूर
डोकं सुन्न झालं. माझे आधीचे हिशोब लिहिणारे कधी बोलले नाहीत यावर. मग यातून वाट काय? कर कमी कसा होणार, तो तर कायद्याने आहे.

हिशोबनीस
एक, खर्च लिहिताना फीच्या वरचा १८ टक्के "क्रेडिट मिळेल" म्हणून सोडून देऊ नका, त्यातला जेवढा वापरला जात नाही तो तुमचा खर्चच आहे. भाव ठरवताना तो धरा.

दुसरं, आणि हे सोलापुरात शक्य आहे म्हणून सांगतो. सगळा माल नोंदणी असलेल्या मोठ्या कारखान्यातून घ्यायची गरज नाही. ज्यांची उलाढाल ४० लाखाच्या आत आहे, नोंदणी नाही, किंवा बिलावर जीएसटी न लावणाऱ्या कंपोझिशन योजनेत आहेत असे छोटे मागवाले भरपूर आहेत. त्यांच्याकडून तोच सेट ३०० लाच मिळाला, तर तुम्ही वरचे १५ भरतच नाही. इतर ठिकाणी लोक क्रेडिट मिळावं म्हणून नोंदणीवाल्याकडून घेतात, तुमच्याकडे क्रेडिट आधीच ओसंडून वाहतंय, तुम्हाला त्याची गरज नाही. १०० ऑर्डरला १३२० वाचतात, अडकणारे १६८० वरून ३५० वर येतात.

मागवाले
हिशोबनीस साहेब पुस्तकात बरोबर, पण त्या छोट्या मागवाल्याला सूत घेताना जीएसटी लागलेलाच असतो, तो त्याच्या भावात चढवणार. ३०० ला तोच माल मिळेल असं धरू नका, ३०५-३०८ धरा. तरी ३१५ पेक्षा कमीच. पण मग लॉट छोटा, रंग एकसारखा मिळेल याची खात्री कमी, आणि सूत वर गेलं की छोटा माणूस जुन्या भावाने माल देणं थांबवतो. मोठा कारखाना उधारी देतो, छोटा रोख मागतो. हे पण मांडा.

आता माझा वजनाचा मुद्दा. ३० बाय ६० इंची टॉवेल ४०० जीएसएमला ४६४ ग्राम भरतो. दोनाचे ९२८. पाकीट, टॅग, लेबल धरून ९६०-९७०. म्हणजे तुम्ही एक किलोच्या काठावर चालताय. आमच्याकडे वजनात चार-पाच टक्के इकडेतिकडे चालतं, तेवढ्यानेच किलो ओलांडला. आणि सुती माल हवेतली ओल धरतो, पावसाळ्यात तोच टॉवेल दहा-पंधरा ग्राम जास्त भरतो. जुलै-ऑगस्टमध्ये पैसे का उरले नाहीत ते यात बघा. माल घेताना डझनाचं वजन करा, साडेपाच किलो सत्तर ग्रामच्या वर गेला तर त्याच वेळी बोला.

टेरीटॉवेल_सोलापूर
बघितलं, जुलै-ऑगस्टच्या सेटलमेंटमध्ये खूप ऑर्डरींना पुढचा वजनाचा स्लॅब लागलाय, ३५ रुपये जास्त. पण गंमत म्हणजे मे महिन्यात पण लागलाय, तेव्हा तर सोलापूर तापलेलं असतं, ओल कुठली? आणि मे मध्ये माल जुन्याच लॉटचा होता.

श्रद्धा_गणवेश
मे मध्ये पॅकिंग कोण करत होतं?

टेरीटॉवेल_सोलापूर
भाचा. सुट्टी होती त्याला.

श्रद्धा_गणवेश
मग पाकिटाची जाडी मोजा. कुरियर दोन वजनं बघतो, काट्यावरचं आणि मापाचं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. जे जास्त ते लावतो.

टेरीटॉवेल_सोलापूर
मोजलं. माझं पाकीट ३० बाय २५, जाडी साडेसहा. ९७५ ग्राम येतं. भाच्याला बोलावून एक करायला लावलं, त्याची घडी सैल, हवा राहते, जाडी ८ भरली. एक किलो दोनशे!! टॉवेल तेच, पाकीट तेच.

श्रद्धा_गणवेश
हा घ्या तुमच्या मूळ प्रश्नाचा निम्मा जबाब. तुमच्या १०० ऑर्डरला २७५४ उरतात. ३५ रुपयाचा स्लॅब ९५ ऑर्डरींना लागला तर ३३०० च्या वर गेले. म्हणजे दुसऱ्या माणसाने नुसती घडी सैल घातली की नफा जाऊन तोटा. तुम्ही एकटे होता तोपर्यंत ही घडी तुमच्या हातात होती, कुठे लिहिलेली नव्हती. आता दोन माणसं ठेवून १०० ऑर्डर केल्या असत्या तर?

माझ्याकडे पहिली मुलगी कामाला लागली तेव्हा मी तिला शिकवून थांबले नाही, सुताराकडून लाकडी साचा करून घेतला. एक चौकोनी खाच, पाकीट त्यातून सरकलं पाहिजे, अडकलं तर परत घडी. तुम्ही साडेसहा सेंटीची खाच करा. तिथेच शेजारी काटा आणि वरून मोबाइल लावून ठेवा, प्रत्येक पाकीट लेबलसकट काट्यावर ठेवून मग बंद करायचं, सगळं व्हिडिओत. वजन जास्त लावलं की तोच पुरावा, आणि वापरलेला टॉवेल परत आला की उघडतानाचा व्हिडिओ घेऊन मुदतीत क्लेम टाकायचा. सगळे क्लेम मंजूर होत नाहीत, पण काही होतात.

पुणेकर_मूळबार्शी
साचा ही आयडिया भारी आहे ताई. पण मी एक विचारतो, वजनाच्या काठावर राहायचंच कशाला? ३८० जीएसएम करा. कुणाला कळतंय २० चा फरक.

मागवाले
३८० केला तर दोनाचे ८८२ ग्राम, पाकिटासकट सव्वानऊशे, चांगली जागा मिळते. मालाचा भाव पण पाच टक्क्याने उतरतो, कारण आम्ही वजनावरच भाव काढतो. करा, पण लिस्टिंगवर ३८० लिहा. "कुणाला कळतंय" म्हणून ४०० लिहून ३८० देणाऱ्यांनी इथल्या मालाचं नाव घालवलंय, मला ते बोलणं आवडलं नाही.

पुणेकर_मूळबार्शी
लिहून देणार असाल तर प्रश्नच नाही, माझं म्हणणं तेच होतं.

टेरीटॉवेल_सोलापूर
३८० लिहिलं की शेजारच्या लिस्टिंगवर ४०० दिसणार, गिऱ्हाईक तिकडे जाणार ही भीती आहे. कदाचित तिथलं ४०० खरं नसेल, पण लिहिलेलं तर तेच असतं. हे मला अजून ठरवता येत नाही.

नीलमकाकू
टॉवेलचा रंग जातो का तुमच्या? मी मागे ऑनलाइन गर्द लाल घेतला होता, पहिल्या धुण्यात सगळे कपडे गुलाबी. परत पाठवला मी.

टेरीटॉवेल_सोलापूर
काकूंचं वाचून रिटर्नची कारणं रंगाप्रमाणे लावली. सात रिटर्नमधले चार मरून आणि नेव्हीचे आहेत, आणि विक्रीत हे दोन रंग पाव हिस्सा पण नाहीत!

मागवाले
गर्द रंगाला डाईंगनंतरची धुलाई नीट झाली नाही की वरचा रंग तसाच राहतो, पाणी आणि वेळ वाचवायला काही जण एक धुलाई गाळतात. माल उचलायच्या आधी पांढरा सुती कपडा ओला करून टॉवेलवर जोरात घासा. रंग लागला तर उचलू नका. थोडा फिका डाग लागला तर समजू शकतो, पण गुलाबी झाला तर माल परत डाईंगला गेला पाहिजे.

श्रद्धा_गणवेश
अजून एक, कुणी बोललं नाही म्हणून. दादा म्हणाले बहुतेक विक्री एकाच ठिकाणी. माझ्या बाबतीत एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर सगळ्यात जास्त चालणारी लिस्टिंग एक दिवस बंद झाली, कुणीतरी ब्रँडची तक्रार टाकली होती. माझं तेव्हा ट्रेडमार्क नव्हतं, सिद्ध काय करणार. लिस्टिंग सुटेपर्यंत जुने पैसे पण रोखलेले, इकडे कापडवाल्याची तारीख आलेली. त्यानंतर मी स्वतःच्या नावाचं ट्रेडमार्क केलं, छोट्या उद्योगाला एका वर्गाचे ४५०० सरकारी फी आहे, टॉवेल-चादरीला वर्ग २४. नाव नोंदलं की निदान तुमच्या लिस्टिंगवर दुसरा कुणी येऊन बसला तर बोलता येतं. आणि एक महिन्याच्या मालाचे पैसे मी धंद्यात न वापरता बाजूला ठेवते, पेमेंट अडकलं तरी कापडवाल्याला फोन करून गयावया करायची वेळ येत नाही.

कॉलेजकट्टा
पाकिटात आपला नंबर टाकून गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर ओढायचं ना मग, काकूंसारखं

श्रद्धा_गणवेश
ते प्लॅटफॉर्मच्या नियमात बसत नाही, खातं जाऊ शकतं. आपल्या ब्रँडचं नाव टॉवेलच्या टॅगवर शिवलेलं असू शकतं, ज्याला आवडलं तो नाव शोधतो. माझ्याकडे असे येतात, हळू येतात.

टेरीटॉवेल_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. मी काय करतोय ते लिहितो, चुकत असेल तर अडवा.

गाळा नाही घेत. पॅकिंगला शेजारच्या वहिनी दुपारी दोन ते पाच येणार आहेत, पाकिटाला ५ रुपये नगावर, पिकअप साडेपाचला असतं. माझ्या पॅकिंगच्या १२ मध्ये हे नव्हते, म्हणजे १७ धरतो. साचा सुताराला सांगितला. मरून आणि नेव्ही बंद, घासून बघितलेला लॉट मिळाला तरच परत चालू. आठवड्याला एक दिवस मी फक्त कारखान्यांत, काटा घेऊन.

भाव ५९९ करून बघतोय एका रंगावर. ५० वाढले की जीएसटी जाऊन ४७ येतात, कमिशन थोडं वाढेल, तरी ४० हातात. ऑर्डरी ४० च्या २८-३० झाल्या तरी मला आताच्यापेक्षा जास्त उरतील असं दिसतंय, आणि क्रेडिट पण कमी अडकेल कारण फी कमी ऑर्डरींवर. बरोबर का हिशोबनीस साहेब?

हिशोबनीस
दिशा बरोबर. पण ऑर्डरी कमी झाल्या की लिस्टिंग खाली जाते, मग त्याच ३० ऑर्डरींना जाहिरात ३० ची ४०-४५ लागू शकते. ते बघूनच बाकीच्या रंगांना हात लावा. मी दर महिन्याला क्लायंटला एकच तक्ता करायला लावतो, १०० ऑर्डरीमागे बँकेत खरे किती आले आणि क्रेडिट लेजर किती वाढलं. हे दोन आकडे बघा, बाकी डॅशबोर्डवर काहीही दिसो.

पुणेकर_मूळबार्शी
हॉटेल, लॉजला डायरेक्ट का नाही देत? पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर सगळं जवळ आहे, भक्तनिवास किती आहेत. रिटर्न नाही, फी नाही.

मागवाले
तिथे उधारी आहे साहेब. आणि लॉजवाले ४०० जीएसएम घेत नाहीत, हलका पांढरा माल मागतात, भाव पैशापैशाने तोडतात. पण टॉवेलवाल्यांनी एक-दोन ठिकाणी बघायला हरकत नाही, वजनाला पाकिटाची कटकट तरी नाही.

टेरीटॉवेल_सोलापूर
अक्कलकोटला एका लॉजवाल्याची ओळख आहे, रविवारी नमुना घेऊन जातो. ३८० की ४०० यावर मात्र अजून कुणीतरी बोला, विशेषतः ज्यांनी जीएसएम उतरवून लिस्टिंगवर खरं लिहिलंय त्यांनी. रेटिंगला काय झालं?

नीलमकाकू
आणि माझ्या चटणीच्या तेलाचं राहिलंच.

श्रद्धा_गणवेश
काकू, आधी जाड पाउच सील करून उलटा ठेवून एक रात्र बघा, मग दुसरा पाउच वरून. सीलच्या जागी चटणीचा कण किंवा तेल राहिलं तर सील धरत नाही, भरताना नरसाळं वापरा.